कार्ल्याची तारीख विचारली तर काय सांगाल?

पनवेलच्या आमच्या अभ्यासवर्गातली एक मुलगी इतिहासात एम.ए. करते. व्यापारी मार्ग आणि धम्माचा प्रसार या विषयावर तिला शोधनिबंध द्यायचा होता. मसुदा घेऊन ती आली. पहिल्याच पानावर वाक्य होतं : "सम्राट अशोकाच्या काळात, इ.स.पू. २५० मध्ये, बौद्ध व्यापाऱ्यांनी बोरघाटमार्गे धम्म घाटावर नेला आणि कार्ल्याची लेणी कोरली."

हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी भाषणात वापरलं आहे, मीसुद्धा. धम्मसहलीची बस पनवेलहून निघून खोपोलीच्या पुढे घाट चढू लागली की माईकवर हेच सांगितलं जातं. तिच्या मार्गदर्शकांनी मात्र समासात एवढंच लिहिलं होतं : "कशावरून?" तिला राग आला. "आपला इतिहास आला की यांना पुरावे लागतात, पुराणातल्या गोष्टींना कुणी विचारत नाही," असं ती म्हणाली. राग खोटा नाही. लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणणाऱ्याला कुणी तारीख विचारत नाही. तरीही माझं मत तिच्या मार्गदर्शकांच्या बाजूने पडलं. त्या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे आहेत आणि तिन्हींचे पुरावे वेगवेगळ्या जातीचे आहेत.

अशोकापासून सुरुवात करू. कोकण किनाऱ्यावर अशोकाचा ठोस पुरावा आहे, तो म्हणजे सोपाऱ्याचा शिलालेख. त्याच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्या लेखाचा १९५६ साली जवळच्याच भुईगावात. म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यात अशोकाची आज्ञा या बंदरापर्यंत पोचली होती. पण आज्ञालेख म्हणजे विहार नव्हे. तिथे तेव्हा भिक्खू राहत होते का, हे त्या तुकड्यातून कळत नाही. मग आपण 'महावंसा'कडे जातो : अपरांतात योनक धम्मरक्खित गेले, महारट्ठात महाधम्मरक्खित गेले. हा ग्रंथ श्रीलंकेत, साधारण पाचव्या शतकात रचला गेला. घटना आणि लेखन यांच्यात सातशे वर्षांचं अंतर आहे. तो टाकून द्यावा असं नाही. हिमालयाकडे गेलेल्या ज्या थेरांची नावं ही परंपरा सांगते, त्यातली मज्झिम आणि कस्सपगोत्त ही नावं सांची परिसरातल्या स्तूपांतल्या अस्थिपात्रांवर कोरलेली सापडली आहेत. म्हणजे यादीचा एक भाग स्वतंत्र पुराव्याने टिकला. अपरांताच्या नावाला मात्र तसा आधार नाही. म्हणून निबंधात हिमालयाबद्दल 'लेखांनी दुजोरा दिला आहे' असं लिहावं आणि अपरांताबद्दल 'परंपरा सांगते' असं. पुराणाला जो निकष आपण लावतो, तोच इथेही लावायचा.

आता कार्ले. खरी मेख इथे आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात दानलेख भरपूर आहेत. एमिल सेनार यांनी ते एपिग्राफिया इंडिकाच्या सातव्या खंडात वाचून छापले. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो की हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह त्याने पुरं केलं. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचं काम केलं. एक खांब सोपाऱ्याहून आलेल्या भाणक भिक्खूचा आहे, काही खांब धेनुकाकटच्या यवनांचे, आणि त्या यवनांची नावं पाहिली तर आपल्याकडचीच वाटतात. इतकी माहिती आहे, पण यातल्या एकाही लेखात साल नाही. 'इ.स.पू. २५०' हा आकडा त्या दगडावर कुठेच नाही.

मग तारीख काढायची कशी? साल नसलेल्या वास्तूला दोन्ही बाजूंनी कुंपण घालायचं : याच्या आधीची नाही, याच्या नंतरची नाही. कार्ल्याला नंतरच्या बाजूचं कुंपण चांगलं मिळतं. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर, मधल्या दाराच्या बाजूला, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वलूरक लेण्यांतल्या, म्हणजे कार्ल्याच्याच, प्रव्रजितांना वर्षावासासाठी करजिक गाव दिल्याचं तो सांगतो. ज्या भिंतीवर लेख आहे ती भिंत लेखाच्या आधी कोरलेली असणारच. म्हणजे चैत्यगृहाचा दर्शनी भाग नहपानाच्या काळापर्यंत तयार होता.

पुढचा प्रश्न साहजिक आहे : नहपान केव्हाचा? कार्ल्याच्या लेखात साल नाही, पण उषवदाताच्या नाशिकच्या लेखांत ४१, ४२ आणि ४५ ही वर्षं आहेत, आणि जुन्नरला नहपानाच्या अमात्याच्या लेखात ४६. ही वर्षं कोणत्या संवताची, हे कुठेही लिहिलेलं नाही. शक संवत धरला तर ७८ मिळवायचे, आणि नहपान इ.स. ११९ ते १२४ च्या आसपास येतो. शाळेच्या पुस्तकांतून बहुधा हेच आलं. दुसरा पक्ष म्हणतो की ही नहपानाची स्वतःची राज्यवर्षं आहेत. त्यांचा एक मोठा आधार 'पेरिप्लस' हा ग्रीक भाषेतला, पहिल्या शतकाच्या मध्याचा मानला जाणारा खलाशी व्यापाऱ्याचा ग्रंथ आहे. भडोच बंदराच्या मुलखावर तेव्हा राज्य करणाऱ्याचं जे नाव त्यात आहे, ते बहुतेक अभ्यासक नहपान असं वाचतात. हे धरलं तर नहपान पन्नासेक वर्षं मागे, पहिल्या शतकात जातो. त्याच्यामागून गौतमीपुत्र सातकर्णीही सरकतो, कारण दोघे घट्ट बांधलेले आहेत. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला आहे. कार्ल्यालाही त्याच्या काळचा मानला जाणारा, वर्ष १८ चा लेख आहे. त्यात तेच करजिक गाव पुन्हा त्याच संघाला दिलं आहे. राजा बदलला, तरी संघाचं गाव संघाकडेच राहिलं.

ही साखळी दुसऱ्या टोकाला मात्र पक्की रोवलेली आहे. गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी पैठणला आणि चष्टन उज्जैनला, असं साधारण इ.स. १५० चा टॉलेमी लिहितो. चष्टनाचा नातू रुद्रदामन याच्या जुनागढ लेखातलं ७२ हे वर्ष शक संवताचं, म्हणजे इ.स. १५०, यावर आज वाद नाही. म्हणून पन्नास वर्षांचा खेळ उरतो, तीनशेचा नाही. नहपान कोणत्याही पक्षाचा घ्या, कार्ल्याचं चैत्यगृह त्याच्या आधी पुरं झालं. कामाची सुरुवात इ.स.पू. पहिल्या शतकाच्या शेवटी की इ.स. पहिल्या शतकात, यावर मतभेद राहतात. अशोकाचा काळ मात्र त्यात बसत नाही.

इथे काही जण म्हणतील, अक्षरांच्या वळणावरून तारीख काढता येते. येते, पण ढोबळ, पन्नास-शंभर वर्षं इकडे-तिकडे. शिवाय एक गोम आहे : या भागातल्या अक्षरवळणांचा क्रम अभ्यासकांनी बऱ्याच अंशी नहपानाच्या लेखांना खुंटा मानून लावला. त्याच वळणांवरून पुन्हा नहपानाचा काळ सिद्ध करायला गेलो तर आपण गोल फिरतो. कार्ल्याच्या छताला असलेल्या जुन्या लाकडी कमानींच्या कार्बन तपासणीचंही तसंच. ती तपासणी झाडातलं ते लाकूड कधी वाढलं ते सांगते. जुनं सागवान असेल आणि नमुना गाभ्यातला असेल, तर कमान बसवल्याची तारीख त्याहून बरीच अलीकडची असू शकते.

तिसरा दावा : 'बौद्ध व्यापाऱ्यांनी' आणला. दान देणारा बौद्धच होता, हे गृहीत धरता येत नाही. कार्ल्याच्या ज्या लेखात उषवदात भिक्खूंना गाव देतो, त्याच लेखात ब्राह्मणांना तीन लाख गाई आणि सोळा गावं दिल्याचंही तो सांगतो. दानलेख कोणी पैसा दिला ते सांगतो, श्रद्धा कुणाची होती ते दर वेळी नाही. मार्गाबद्दलही तेच. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या सुलसदताचं नाव आहे, म्हणजे बंदरावरच्या माणसाचं दान जुन्नरपर्यंत पोचलं. माणसं आणि पैसा या घाटवाटांनी फिरत होता, हे त्यावरून पक्कं ठरतं. पण व्यापारी आधी आले की भिक्खू आधी, हे त्यावरून ठरत नाही. संघ तिथे आधीपासून होता आणि वाटसरू व्यापाऱ्यांनी त्याला दान दिलं, असंही शक्य आहे. मला स्वतःला हीच शक्यता जास्त जवळची वाटते, कारण 'व्यापाऱ्यांनी आणला' म्हटलं की भिक्खूंची पायपीट आणि त्यांचं संघटन दिसेनासं होतं. पण ते माझं मत आहे. निबंधात ते मत म्हणूनच यायला हवं.

ती म्हणाली, "एवढं सगळं लिहिलं तर आपलं म्हणणं कमजोर होतं." मी तिला बाबासाहेबांचं 'द अनटचेबल्स' काढून शेवटचं प्रकरण वाचायला दिलं. अस्पृश्यता केव्हा जन्माला आली, याचं साल कुठल्याही ग्रंथात नव्हतं. बाबासाहेबांनी काय केलं? मनूच्या काळापासून चिनी प्रवाशांच्या वर्णनांपर्यंत पुरावे मांडून अलीकडची आणि पलीकडची मर्यादा ठरवली, मग त्या मर्यादांच्या आत साधारण इ.स. ४०० हा काळ सुचवला. प्रस्तावनेत त्यांनी हेही उघड सांगितलं की पुराव्याच्या साखळीत कड्या तुटलेल्या आहेत आणि तिथे त्यांनी अनुमान वापरलं आहे. त्यांच्या निष्कर्षावर आजही वाद घालता येतो, कारण प्रत्येक कडी कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्यांनी वाचकासमोर ठेवलं. कार्ल्याला घातलं ते कुंपणही हेच.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर, चैत्यगृहाच्या अगदी समोर एकविरेचं देऊळ आहे. तिथे उभं राहून आपण लेण्यांचा वारसा सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांत एखादा तरी आपलं चुकलेलं साल पकडायला टपलेला असतो. इ.स.पू. २५० खोटं ठरलं की तो भूतपाल, सामी सुतार आणि करजिक गाव यांनाही खोटं म्हणून मोकळा होतो.

तिने वाक्य पाच वेळा लिहिलं. शेवटचा मसुदा असा : "कार्ल्याच्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग नहपानाच्या काळापर्यंत पुरा झाला होता, नहपानाची वर्षं शक संवताची मानल्यास ही मर्यादा इ.स. १२० च्या सुमारास येते, राज्यवर्षं मानल्यास पहिल्या शतकात. दानलेखांत वैजयंती, सोपारा आणि धेनुकाकट येथील श्रेष्ठी, सुतार, भिक्खू व यवन दिसतात. यापैकी धेनुकाकटचे स्थान अद्याप निश्चित नाही." मार्गदर्शकांनी या वेळी समासात प्रश्न विचारला तो धेनुकाकटबद्दल. ती आता त्याच्या मागे लागली आहे.