फी कंपनीची, सही तुमची

आमच्या उर्दू शाळेतून शिकून गेलेली मुले-मुली आता कारखान्यांत, रुग्णालयांत, बँकांत नोकरीला आहेत. त्यातली काही अधूनमधून एखादा कागद घेऊन येतात. "सर, पुढच्या शिक्षणाची फी कंपनी भरणार आहे. सही करू ना?" घरात आनंद असतो, कारण बापाला जे जमले नाही ते कंपनी करते आहे. माझे मत असे, की सही जरूर करावी. पण ही बक्षिसी नाही, अटींवर दिलेली उसनवार आहे, हे समजून करावी.

अशा योजनांचा साचा बहुधा एकसारखा असतो. नोकरी कायम झालेली असावी, वर्षभर सेवा झालेली असावी, अभ्यासक्रम कामाशी संबंधित असावा आणि प्रवेश घेण्याआधी लेखी मंजुरी असावी. शेवटच्या अटीवर पुष्कळ जण अडकतात. साहेब तोंडी "हो" म्हणतात, मुलगा फी भरून मोकळा होतो आणि मग मंजुरीची तारीख पावतीच्या नंतरची निघते. पैसे मिळत नाहीत.

दुसरी अट गुणांची. बहुतेक ठिकाणी फी आधी आपणच भरायची असते आणि निकाल दाखवल्यावर ती परत मिळते. एक उदाहरण घेऊ. समजा सलमा नावाची मुलगी नोकरी सांभाळून एम.बी.ए. करते. चार सत्रे, प्रत्येकी 30,000 रुपये. प्रत्येक सत्रात 60 टक्के हवेत, अशी अट आहे. एका सत्रात तिला 56 टक्के पडले. विद्यापीठाच्या लेखी ती पास, पण कंपनीच्या लेखी नाही. त्या सत्राचे 30,000 तिच्याच अंगावर आले. कंपनीने दिले 90,000.

आता तिसरी आणि खरी अट: निकालानंतर दोन वर्षे नोकरी सोडायची नाही. पंधराव्या महिन्यात सलमाचा निकाह झाला आणि सासर दुसऱ्या शहरात आहे. करारात "मुदतीआधी सोडल्यास संपूर्ण रक्कम" असे लिहिले असेल, तर तिला 90,000 भरावे लागतील. तेच "उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात" असे लिहिले असेल, तर महिन्याला 3,750 प्रमाणे नऊ महिन्यांचे 33,750. एका ओळीने 56,250 रुपयांचा फरक पडतो.

"बाँडला कायद्यात किंमत नसते," असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. विजया बँकेत तीन वर्षे सेवेची, नाहीतर दोन लाख रुपये भरण्याची अट होती. एका अधिकाऱ्याने दोन वर्षेही पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला, निषेध नोंदवून दोन लाख भरले आणि दाद मागितली. उच्च न्यायालयात तो जिंकला, पण 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची अट वैध ठरवली. पूर्ण दोन लाख गेले.

याउलट 2011 चे दिल्ली उच्च न्यायालयाचे सिक्पा इंडिया प्रकरण पाहा. तिथेही बाँड तीन वर्षांचा आणि दोन लाखांचाच होता. कर्मचाऱ्याने दोन वर्षे काम केले होते. न्यायालयाने प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च पाहिला. तो निघाला 67,595 रुपये. त्यातला राहिलेल्या एका वर्षाचा तिसरा हिस्सा, म्हणजे 22,532 रुपये, तेवढेच द्यायला सांगितले. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 चा आशयही असाच आहे: करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, मिळणार ती वाजवी भरपाई.

म्हणजे सूट मिळू शकते, पण ती हक्काने मिळेलच असे नाही, आणि ती मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. बारा-पंधरा हजार पगारावरचा मुलगा ती चढत नाही. तो एक तर घरातले सोने गहाण ठेवून पैसे भरतो, किंवा चांगली नोकरी हातची जाऊ देतो. म्हणूनच भांडण सहीच्या आधी करावे, आणि तेही नम्रपणे. वसुली दर महिन्याला कमी होत जाईल हे लिहून मागा. आकडा प्रत्यक्ष दिलेल्या फीपेक्षा जास्त नको. मुदत कोणत्या तारखेपासून मोजणार ते स्पष्ट हवे, कारण निकालापासून दोन वर्षे म्हणजे प्रवेशापासून चार. आणि "कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास" हे शब्द असतील तर थांबा. कंपनीनेच कामावरून कमी केले तरी पैसे तुम्हीच भरायचे, असा त्याचा अर्थ काढता येतो. तिथे "स्वतः राजीनामा दिल्यास" एवढेच असावे.

कंपनीला आपला खर्च वसूल करण्याचा अधिकार आहे, तो मला मान्य आहे. पण ज्याने पंधरा महिने काम करून दिले, त्याच्या त्या पंधरा महिन्यांचा हिशेब शून्य धरणे ही वसुली नव्हे, तो दंड आहे. कागद इंग्रजीत असेल तर वाचता येणाऱ्याकडून प्रत्येक ओळ समजून घ्या, आणि सही केलेली एक प्रत घरी ठेवा.