विसार आधी, दुकान नंतर

नवा उद्योग काढायचा ठरला की आपल्या घरांतून साधारण एकच पद्धत चालते. रात्री दुकान वाढवल्यावर काका, वडील, थोरले चुलतभाऊ बसतात. दहा कल्पना निघतात, सात गळतात, तीन उरतात. त्या तिघींपैकी एक निवडताना मात्र शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याची कल्पना जिंकते. पुढे गाळा, यंत्रे, नोकर यांत पाच-दहा लाख अडकतात आणि गिऱ्हाईक आहे की नाही हे सहा महिन्यांनी कळते. या लेखात एवढाच विचार करायचा आहे की तेच उत्तर पाच-सहा हजार रुपयांत आणि दहा-बारा दिवसांत कसे मिळवावे, आणि मिळालेले उत्तर कितपत खरे मानावे.

माल तयार होण्याआधी पैसे घेणे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. मराठी प्रकाशक 'प्रकाशनपूर्व सवलत' जाहीर करून नोंदणी घेतात, तेव्हा ते सवलत देतात तसाच अंदाजही घेत असतात: नोंदणी किती आली त्यावरून प्रती किती छापायच्या ते ठरते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासारखे २३ खंडांचे प्रचंड काम हाती घेतले तेही लिमिटेड मंडळी स्थापून, भागधारक आणि वर्गणीदार गोळा करून. वर्गणीदाराचे नाव वहीत येणे म्हणजे ग्रंथाला वाचक असल्याचा पुरावा होता. बाजारात याच व्यवहाराला आपण विसार म्हणतो.

दुसरी पद्धत अलीकडची. वस्तू अजून नाही, पण तिचे एक पान इंटरनेटवर मांडायचे. त्यावर वर्णन, किंमत आणि 'नोंदणी करा' अशी कळ. कळ दाबणाऱ्यांची मोजदाद ठेवायची. 'बफर' या कंपनीचे संस्थापक जोएल गॅसकॉइन यांनी २०१० मध्ये असेच केले. पहिल्या पानावर सेवेचे वर्णन होते. कळ दाबली की 'आमची तयारी अजून पूर्ण नाही, आपला ईमेल ठेवा' असा निरोप येई. लोकांनी ईमेल दिले. पण फुकटात ईमेल कोणीही देतो, म्हणून त्यांनी मध्ये आणखी एक पान घातले: एक योजना फुकट, एक पाच डॉलरची, एक वीस डॉलरची. किंमत दिसल्यावरही काही जण सशुल्क योजनेवर कळ दाबून पुढे गेले, तेव्हा कुठे त्यांनी प्रत्यक्ष बांधणीला हात घातला. किंमत न लिहिता मांडलेले पान फक्त कुतूहल मोजते, ही त्यातली लक्षात घ्यायची गोष्ट.

आता आपल्या भागात येऊ. एका कुटुंबाचे डाळीचे दुकान लातूरला गंजगोलाईच्या परिसरात आणि धाकट्या भावाचे दुकान नांदेडला वजिराबादेत आहे, अशी कल्पना करा. पुढील आकडेही समजुतीसाठीच घेतले आहेत. यांच्यापुढे तीन कल्पना आहेत. पहिली, लातुरात शिकवणीसाठी राहिलेल्या मुलांना कांदा-लसूण व कंदमूळ वर्ज्य असलेला, सूर्यास्तापूर्वी पोहोचणारा डबा. दुसरी, बिगरपॉलिश तूरडाळीची पाच किलोची पिशवी पुण्यातील घरांना थेट पाठवणे. तिसरी, नांदेडच्या वसतिगृहांतील मुलांचे कपडे आठवड्याला धुऊन देणे.

पहिले काम जाहिरात नव्हे, हिशेब. डब्याची किंमत महिना ३,००० रुपये. शिधा, गॅस, डबेवाला वजा जाता डब्यामागे ८०० रुपये उरतात. स्वयंपाकीण आणि जागा मिळून महिन्याचा ठरीव खर्च २४,००० रुपये. म्हणजे ३० डबे झाले की बरोबरी. २,००० रुपयांच्या जाहिरातीतून दहा विसार आले, तर अशा तीन फेऱ्यांत तीस गाठता येतील. म्हणून 'दहा विसार' हा उंबरठा. तो चाचणीपूर्वी तारीख घालून वहीत लिहायचा आणि त्याखाली दोघा कर्त्यांनी सही करायची. सही हवीच, कारण आकडे हाती आल्यावर उंबरठा आपोआप खाली सरकतो. डाळीसाठी आणि धुलाईसाठी असाच वेगवेगळा हिशेब करून वेगवेगळा उंबरठा निघेल. धुलाईत महिना ४०० रुपयेच यायचे असतील, तर तिचा उंबरठा कितीतरी वर असणार.

मग तीन पाने. प्रत्येकावर एक छायाचित्र, चार ओळी, स्पष्ट किंमत आणि एक कळ. कळ दाबल्यावर ३०० रुपयांचा विसार क्यूआर कोडवर मागायचा. प्रत्येक पानाला २,००० रुपयांचीच जाहिरात, दहाच दिवस, आणि जाहिरातीचा उद्देश तिन्हींना एकच. हे शेवटचे सांगायचे कारण असे की समाजमाध्यमांवर जाहिरातीचा उद्देश 'कळ दाबणारे लोक' असा निवडला, तर यंत्रणा कळी दाबण्याची सवय असलेलीच माणसे शोधून आणते. एकीला तो उद्देश आणि दुसरीला निराळा, असे झाले तर तुलना फुकट गेली.

समजा, निकाल असा आला. डब्याचे पान २४० जणांनी उघडले, ४१ जणांनी कळ दाबली, १९ जणांनी विसार दिला. डाळीचे पान ३१० जणांनी पाहिले, ५२ कळा, ९ विसार. धुलाईचे २६० जणांनी पाहिले, ६६ कळा, ३ विसार.

केवळ कळी मोजल्या असत्या तर धुलाई पहिली आली असती. पण तिथे कळ दाबणारा विद्यार्थी आहे आणि पैसे देणारा त्याचा बाप गावाकडे आहे. मुलाला कपडे धुवायचा कंटाळा. बापाला वाटते, आपला आपण धुवावा. हा प्रश्न पान सुंदर करून सुटणारा नाही. (धुलाई लातुरात काढू, असे इथे कोणीतरी म्हणेलच. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे गिऱ्हाइकाआधी पाण्याची चौकशी करावी. पाणी मिळेल की नाही हे कोणतेही पान सांगत नाही.)

आता ते १९ विसार. नावे तपासली तर त्यांतील ११ जण साडू, मावसभाऊ, मंदिरात रोज भेटणारे, दुकानाचे जुने व्यापारी. आपल्या समाजातील चाचणीचा खरा धोका हाच. इथे 'नाही' म्हणणे अवघड असते आणि तीनशे रुपये ही भिडेची किंमत म्हणून फार नाही. त्यांचा विसार खोटा नसतो, पण एकतिसाव्या गिऱ्हाइकाबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर दुवा टाकायचाच असेल, तर त्यासाठी दुसरा दुवा बनवावा आणि तिथून आलेल्यांची वेगळी बेरीज ठेवावी. अनोळखी उरले आठ. डाळीच्या नऊपैकी अनोळखी सात.

आठ मोठे की सात? अशा लहान आकड्यांत व्यवहारापुरता एक ठोकताळा आहे: संख्येचे वर्गमूळ काढावे आणि तेवढी घटबढ निव्वळ योगायोगाची धरावी. आठाचे वर्गमूळ जवळजवळ तीन, म्हणजे पुन्हा चाचणी केली तर पाच येतील किंवा अकराही येतील. सातांचेही तसेच. हे दोन आकडे सारखेच समजायचे. तीन मात्र या पट्ट्याच्या बाहेर, आणि धुलाईच्या उंबरठ्यापासून तर फारच दूर. ती कल्पना सोडायला हरकत नाही.

बरोबरी झाल्यावर निर्णय गिऱ्हाईक आणायला काय पडले आणि ते किती टिकते, यावर येतो. डब्याचे एक गिऱ्हाईक २५० रुपयांना पडले. पहिल्याच महिन्यात त्यातून ८०० सुटतात आणि मुलगा बहुधा वर्षभर राहतो. डाळीचे गिऱ्हाईक सुमारे २८६ ला पडले. पिशवीमागे सुटतात समजा १५०, आणि कुरिअर त्यातूनच जायचे. शिवाय डाळीची चाचणी केव्हा घेतली हेही पाहावे. नवी तूर बाजारात येते आणि घराघरांत वर्षाची बेगमी भरली जाते तो काळ हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंतचा. पावसाळ्यात सात आले म्हणून डाळीला नापास करणे अन्याय होईल. तिची चाचणी हंगामात पुन्हा घ्यावी. डब्याचा हंगाम उलट, नव्या तुकड्या सुरू होतात तेव्हाचा. मे महिन्यात नीट संपून मुले घरी जातात, त्या वेळी केलेली चाचणी रिकामीच येणार.

तरीही डबा आठवरच आहे आणि वहीत लिहिले आहे दहा. नातेवाइकांसह १९ होतात, हा मोह इथे होतो. तसे न करता एकच गोष्ट बदलून एकच फेरी आणखी घ्यावी. धुलाईने सांगितलेले इथे लागू पडते: पैसे पालक देतात. म्हणून दुसरी जाहिरात लातुरातील मुलांना न दाखवता परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव इथल्या पालकांच्या वयोगटाला दाखवावी. तिथून दहा किंवा अधिक आले तर पुढे जावे. पुन्हा सहा-सातच आले तर डबा थांबवावा.

पैशांविषयी दोन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. पानावर जी वस्तू आहे म्हणून सांगितले ती नसेल, तर ते असत्य आहे; व्यापारात असत्याचे नाव बदलून 'चाचणी' ठेवले म्हणून ते सत्य होत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, पुरवठ्याची वाजवी शक्यता नसताना माल देऊ करून ग्राहकाला ओढणाऱ्या 'आमिष जाहिराती'वर बंधन आहे. म्हणून विसार मागण्यापूर्वी त्याच पानावर 'सेवा अमुक तारखेस सुरू करण्याचा विचार आहे. पुरेशी नोंदणी न झाल्यास संपूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत' असे ठळक लिहावे. याने नोंदणी थोडी घटते, पण जी उरते ती पक्की असते. दुसरे, विसाराची रक्कम दुकानाच्या गल्ल्यात मिसळू नये. वेगळे खाते ठेवावे. पेढी जीएसटीत नोंदलेली असेल तर मालाच्या आगाऊ रकमेवर सामान्यतः त्या वेळी कर लागत नाही, सेवेच्या आगाऊ रकमेवर लागतो. डाळ हा माल. धुलाई सेवेत मोडते आणि डबाही. आपल्या सीएंना आधी विचारावे.

समजा दुसऱ्या फेरीत तेरा आले. म्हणून लगेच गाळा घेऊ नये. पान फक्त 'लोक पैसे देतील' एवढे सांगते. 'आपल्याला जमेल' हे सांगत नाही. अन्नपदार्थ विकण्यासाठी लागणारी एफएसएसएआयची नोंदणी करून घरच्याच चुलीवर या अनोळखी गिऱ्हाइकांपैकी बारा मुलांना आठ दिवस डबे द्यावेत आणि रोज पोहोचल्याची वेळ लिहावी. डिसेंबरात लातुरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलाच्या हातात डबा सव्वापाचला पडला पाहिजे, आणि त्याच वेळी तो शिकवणीच्या वर्गात बसलेला असेल. डबा द्यायचा कोणाकडे, तो उघडायचा कुठे, वर्गाचे चालक मधली सुट्टी पंधरा मिनिटे पुढे-मागे करतील का, हे त्या आठ दिवसांत चालकांना समक्ष भेटून विचारावे लागेल.