एमसीबी पडला नाही, म्हणून घर सुरक्षित?

'एमसीबी बसवला आहे, आता शॉकची भीती नाही,' हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या न्हाणीघरात ओल्या हाताने नळ धरला की बारीक झिणझिण्या येऊ लागल्या. एमसीबी मात्र ढिम्म. त्या वेळी आमच्या वायरमनने जे समजावले, ते वाचकांना सांगण्यासारखे आहे.

"सर, एमसीबी वायर सांभाळतो, माणूस नव्हे," तो म्हणाला. वायरीतून तिला झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह गेला की ती तापते, आग लागू शकते. ते टाळण्यासाठी एमसीबी पडतो. माणसाचा जीव घ्यायला मात्र अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो, आणि तेवढा प्रवाह एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो.

मग माणूस कोण सांभाळतो? पहिले काम अर्थिंगचे. गिझरचा पत्रा एका वायरीने जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडलेला असतो. आत वीज पत्र्यावर उतरली, तर तिला जमिनीत जायला सोपी वाट मिळावी, हा हेतू. आमची वाटच बिकट झाली होती. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, आणि मोजल्यावर रोध भरला 60 ओहम. गिझरच्या कॉइलमधून साधारण अर्धा अँपिअर गळत होता. अर्धा गुणिले साठ म्हणजे पत्र्यावर, आणि पाइपातून नळावर, 30 व्होल्ट. झिणझिण्यांचे मूळ हे.

कॉइल पुरती फुटली असती तर? 230 व्होल्टला 60 ने भागले की जेमतेम 4 अँपिअर येतात. गिझर रोज 9 अँपिअर घेतो, एमसीबी 16 चा. तो पडलाच नसता आणि नळावर जवळजवळ पूर्ण दाब उभा राहिला असता!

वायरमनने कॉइल बदलली, खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पाणी सोडले. रोध 4 ओहमवर आला. शिवाय मेन स्विचजवळ आरसीसीबी बसवला. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो पाहतो. 30 मिलिअँपिअरची तफावत दिसली की सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. अर्थिंग पुन्हा सुकले तरी माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा प्रवाह त्याला कळतो.

त्यालाही मर्यादा आहेच. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर हिशेब जुळतो आणि तो गप्प बसतो. त्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबावे; पण ते फक्त आरसीसीबी तपासते, अर्थिंग नव्हे. अर्थिंग मोजून घ्यावे ते ऐन मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना.