मौन म्हणजे होकार नव्हे : न मागितलेला माल आणि त्याचे बिल

मौन हे संमतीचे लक्षण, असे आपण घरात सहज म्हणतो. बाजारात मात्र हे वचन चालत नाही आणि ते का चालत नाही, हे दुकानदाराने जाणून घ्यावे.

समजा, मालवणच्या बाजारपेठेतील एका दुकानात भर पावसाळ्यात ट्रान्सपोर्टने एक खोके येते. आत उदबत्तीचे वीस डबे आहेत. प्रत्येकी 240 रुपये, एकूण 4,800 रुपयांचे बिल सोबत आहे. पाठवणारी पेढी अनोळखी आहे, मागणी कोणीच केलेली नाही. बिलाच्या तळाशी मात्र एक ओळ छापली आहे : पंधरा दिवसांत माल परत न आल्यास तो आपणांस मान्य आहे असे समजले जाईल.

ही ओळ दुकानदाराला बांधत नाही. भारतीय करार कायदा, 1872 नुसार माल पाठवणे हा केवळ प्रस्ताव होय. स्वीकार कोणत्या रीतीने कळवावा, हे प्रस्ताव मांडणारा सुचवू शकतो. पण गप्प राहिलात तर होकार धरू, असे तो ठरवू शकत नाही. नाही तर कोणीही कोणाच्याही दारात खोके टाकून त्याला देणेकरी करील. इंग्लंडमध्ये 1862 साली असाच एक खटला उभा राहिला. काकाने पुतण्याला लिहिले की, तुझ्याकडून उत्तर आले नाही तर घोडा 30 पौंड 15 शिलिंगांना माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. त्याच्या मनातून घोडा काकांनाच द्यायचा होता. तरीही तो सौदा झाला नाही, असे न्यायालयाने ठरवले.

मौनाने बंधन येत नाही. ते येते वर्तनाने. आपल्या दुकानदाराने त्यातले तीन डबे फोडून विकले, तर कलम 8 पुढे येते. प्रस्तावासोबत आलेला मोबदला घेणे, हाच त्या प्रस्तावाचा स्वीकार. प्रस्ताव वीस डब्यांच्या एकत्र संचाचा असेल, तर ‘तीनच घेतले, सतरा परत न्या’ हे म्हणणे टिकणे कठीण. शिवाय कलम 70 आहेच : फुकट देण्याचा हेतू नसताना कोणी कायदेशीरपणे वस्तू दिली आणि दुसऱ्याने तिचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई करावी. तेथे कायद्यानेच दाखला दिला आहे. एक व्यापारी चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवून जातो. घरमालक तो स्वतःचा समजून वापरतो. त्याला पैसे द्यावे लागतात. न दिलेले घेऊ नये, हा अचौर्याचा नियम येथे कायद्याशी जुळतो.

एका बाबतीत मात्र मौनही बोलते. पेढी जुनी असेल, ती दरमहा मागणीविना माल पाठवत असेल आणि आपण तो ठेवून घेऊन पैसे देत आलो असू, तर या खेपेची आपली चुप्पी होकार म्हणून वाचली जाऊ शकते. अशा पेढीला ‘यापुढे मागणीशिवाय माल पाठवू नये’ असे आधीच लेखी कळवणे, हाच उपाय.

आता व्यवहाराकडे वळू. खोके उतरवून घेताना पोच म्हणून केलेली सही ही केवळ माल पोचल्याची खूण; तरीही पावतीवर ‘मागणी नसताना आलेला माल’ असा शेरा लिहावा. भाडे आपण भरायचे असेल, तर न भरता खोके तसेच परत जाऊ द्यावे. ठेवून घेतले असेल तर ते न फोडता कोरड्या जागी वेगळे ठेवावे. माल पाठवणाऱ्याचाच असतो, म्हणून मुद्दाम नासधूस करू नये. पण परतीचे भाडे भरण्याची जबाबदारी आपली नाही. ‘माल मागितला नव्हता, नको आहे, स्वखर्चाने न्यावा’ असे पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. कायद्याने हे पत्र बंधनकारक नाही, परंतु पुढे वाद झाल्यास तेच उपयोगी पडते.

हिशेबनिसाला एक सूचना आवर्जून द्यावी. पाठवणाऱ्याने आपला जीएसटी क्रमांक घालून बिल भरले असेल, तर ते पोर्टलवर IMS मध्ये दिसते. ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालेल्या या सोयीत बिलावर काहीच कृती केली नाही, तर ते स्वीकारले गेले असे धरून GSTR-2B मध्ये येते. म्हणजे कराराच्या कायद्यात जे मौन निरुपद्रवी, ते येथे होकार ठरते. एवढ्यावरून किमतीचे देणे लागत नाही. पण त्या बिलावर कराची वजावट घेतली आणि खरेदीखाती 4,800 रुपये लिहिले, तर ‘माल मागितलाच नव्हता’ हे म्हणणे आपल्याच वहीने खोडले जाईल. असे बिल पोर्टलवर वेळीच नाकारावे.