फोटोत रंग दिसतो, बधिरपणा नाही

अंगावर फिकट डाग दिसला की आता आधी मोबाईल निघतो. फोटो नात्यातल्या ग्रुपवर जातो आणि पाच मिनिटांत निकाल येतो: "शिबं आहे, मलम लाव." डागांचे फोटो शेजारी शेजारी छापलेली पत्रकेही वस्तीत वाटली जातात. फोटोंना माझा विरोध नाही. पण तीन फोटोंपैकी दोन बरंच सांगतात आणि तिसरा गप्प राहतो, हे पत्रकावर ठळक छापले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला फोटो कोडाचा. डाग दुधासारखा पांढराशुभ्र, कडा स्पष्ट, कधी त्यावरचे केसही पांढरे. स्पर्श नीट कळतो. याला श्वेतकुष्ठ म्हणतात, पण कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही आणि तो कोणाला लागत नाही. त्या नावापायी मुलींची लग्नं मोडतात, म्हणून ते नावच आपण सोडावे.

दुसरा फोटो शिब्याचा. ही बुरशी आहे. छाती, पाठ, मान, दंड यांवर लहान लहान डाग येतात आणि एकमेकांत मिसळतात. घाम आला की वाढतात. नखाने हलके खरवडले तर भुशासारखा कोंडा निघतो. औषधाने बुरशी मेली तरी फिका रंग काही महिने राहतो.

तिसरा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. तो फिकट किंवा लालसर असतो, पांढराशुभ्र कधीच नसतो. खाजत नाही, दुखत नाही. कोरडा असतो, त्यावर घाम कमी येतो, केस विरळ होतात. फोटोत तो शिब्यासारखाच दिसू शकतो. फरक आहे संवेदनेत, आणि ती कॅमेऱ्यात येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पावण्याच्या एमआयडीसीत काम करणारा तिशीचा कामगार आहे. डाव्या हातावर रुपयापेक्षा थोडा मोठा फिकट चट्टा. मेडिकलमधून आणलेले मलम तीन महिने लावले, फरक नाही. खाज नाही, म्हणून काळजीही नाही. त्याला उजेडात बसवा. बॉलपेनच्या टोकाने चांगल्या कातडीवर अलगद टेकवून दाखवा आणि सांगा, "जिथे टेकवीन तिथे बोट ठेव." मग डोळे मिटायला लावा. कधी चांगल्या कातडीवर, कधी चट्ट्याच्या मध्यभागी टेकवा. पेन ओढू नका, दाबू नका. "कळलं का?" असेही विचारू नका, कारण त्या प्रश्नानेच त्याला कळते की आपण टेकवले. चांगल्या कातडीवर चारही वेळा बोट बरोबर गेले, पण चट्ट्यावर पाचपैकी एकदाच गेले, तर त्याच दिवशी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जा. सुई टोचून किंवा चटका देऊन कधीही पाहू नका.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत राहू शकते. लहान मुलांना नीट सांगता येत नाही. चट्टे पुष्कळ असतील तर काहींत स्पर्श कळतोही. म्हणून स्पर्श कळला तरी हातापायाला मुंग्या येत असतील, करंगळी वाकत असेल, किंवा चट्टा उपचाराने हलत नसेल, तर तपासणी कराच.

केंद्रात सगळे अंग पाहतात, चट्टे मोजतात, कोपरामागची शीर जाड झाली आहे का ते चाचपतात. पाचपर्यंत चट्टे असतील आणि शिरांना फार बाधा नसेल तर साधारण सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने गोळ्या, अगदी मोफत. औषध सुरू झाले की लागण पसरणे लवकर थांबते. घरच्यांचीही तपासणी होते आणि योग्य असेल त्यांना प्रतिबंधक औषधाचा एक डोस देतात. उशीर झाला तर मात्र शीर कायमची निकामी होते. बधिर हाताला तव्याचा चटका कळत नाही, यंत्रात बोट सापडले तरी लवकर कळत नाही.

आणखी एक सांगते. फोटो येतात ते हाताचे आणि चेहऱ्याचे. पाठ, कंबर, मांडी यांचे येत नाहीत, विशेषतः बायकांचे. दारात उभे राहून "घरात कोणाला चट्टा आहे का?" विचारले तर उत्तर "नाही" असेच येते. म्हणून पाहणीला येणाऱ्या पथकात बाई असावी आणि आडोशाला नीट तपासणी व्हावी, अशी मागणी वस्तीने महापालिकेकडे करावी. 2019 मध्ये कायदा बदलला, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिलेले नाही. लपवायचे कारण कायद्याने काढले, आता घरातून काढायचे आहे.

तोवर ग्रुपवर डागाचा फोटो आला तर रोगाचे नाव लिहू नका. एवढेच विचारा: "तिथे स्पर्श कळतो का?"