नाकामागचा पहारेकरी

शिरूर अनंतपाळ येथील दुसरीत शिकणारा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. तोंड सदैव उघडे, रात्री घोरणे मोठ्या माणसासारखे, उशी लाळेने ओली. वर्गात हाक मारली तर दुसऱ्यांदा मारावी लागते. ‘मामा’ म्हणताना तो जणू ‘बाबा’ म्हणतो आणि ‘नाना’ म्हणताना ‘दादा’. घरच्यांना वाटते, हा आळशी आहे, ऐकून न ऐकल्यासारखे करतो. या साऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी असते आणि ते ठिकाण आरशात दिसत नाही.

श्वास आणि अन्न जिथून शरीरात शिरतात, तिथे निसर्गाने लसीका ऊतींचे एक कडे बसविले आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांच्या नावाने ते ओळखले जाते. पडजिभेच्या दोन्ही बाजूंस दिसतात ते टॉन्सिल. जिभेच्या मुळाशीही अशीच ऊती असते. आणि नाकाच्या अगदी मागे, मऊ टाळूच्या वर, अॅडेनॉइड. टॉन्सिलवर खोल खाचा असतात, अॅडेनॉइडवर घड्या. हवेतून वा अन्नातून आलेले जंतू त्यांत अडकतात. आतील पेशी त्यांची ओळख करून घेतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ लागतात. बालवयातील ही शिकवणीच म्हणावी. म्हणून या काळात हे अवयव वाढणे हा रोग नव्हे.

अडचण जागेची आहे. साधारण तीन ते सात या वयात अॅडेनॉइड भराभर वाढते, पण नाकामागची पोकळी तितक्या वेगाने रुंदावत नाही. त्यातच वारंवार सर्दी किंवा अॅलर्जी असेल, तर सूज उतरण्यास अवधीच मिळत नाही. नाकातून येणाऱ्या हवेची वाट मागच्या दाराशी अडते आणि मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. ‘म’ आणि ‘न’ या वर्णांना नाकातून वाट हवी असते. ती बंद झाली की त्यांचे ‘ब’ आणि ‘द’ होतात. अॅडेनॉइडच्या शेजारीच मध्यकर्णाकडे जाणाऱ्या नलिकेचे तोंड असते. ते अडले की पडद्यामागे चिकट द्रव साचतो आणि ऐकू कमी येते. कान मात्र दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

तोंडाने घेतलेली हवा गाळली जात नाही, उबदार किंवा ओलसरही होत नाही. तोंड कोरडे पडल्याने हिरड्या व दात बिघडतात. बंद तोंडात जीभ टाळूला टेकून वरच्या जबड्याला रुंदीचा आधार देते. तोंड उघडे राहिले की ती खाली उतरते. वर्षानुवर्षे असे चालले, तर टाळू अरुंद व उंच होऊ शकतो आणि दात पुढे येऊ शकतात.

डेन्मार्कमधील डॉ. विल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये ही व्याधी प्रथम नीट मांडली. टाळूमागे बोट घालून चाचपल्यावर त्यांना ही वाढ लागली. आज त्यासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालतात किंवा बाजूने एक्स-रे काढतात. घरी एक साधी परीक्षा करता येते. मुलाचे तोंड मिटवून नाकपुड्यांखाली थंड स्टीलचा चमचा धरावा. दोन्ही बाजूंस वाफेचा ठसा उमटला, तर नाकातून हवा वाहते आहे. ठसा पुसट असेल, तर तपासणी हवी. मात्र यावरून अडथळ्याचे कारण कळत नाही. अॅलर्जीनेही नाक बंद होते. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर बी वा मणी अडकल्याचा संशय घ्यावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. श्रवणदोष त्याच्या तपासणीत समाविष्ट आहे, म्हणून उघडे तोंड, घोरणे आणि कमी ऐकणे या तिन्ही गोष्टी पालकांनी पथकाला एकत्र सांगाव्यात. पुढील तपासणी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात होऊ शकते.

पहिला उपाय सहसा शस्त्रक्रिया नसतो. डॉक्टर काही आठवडे नाकात मारण्याचा स्टेरॉइड फवारा देतात आणि साचलेला द्रव आपोआप ओसरतो का, हे सुमारे तीन महिने पाहतात. झोपेत श्वास थांबत असेल किंवा ऐकणे सुधारत नसेल, तर अॅडेनॉइड काढतात. भूल देऊन, तोंडातून, बाहेर कोणताही छेद न घेता ते काम होते. कड्यातील इतर ऊती आपले काम करीत राहतात. लहान वयात ते पुन्हा थोडे वाढू शकते, ही मर्यादा आहे. टाळूत जन्मजात फट असेल, तर मात्र आवाज बिघडण्याची भीती असल्याने आधी टाळू तपासावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर ताजे लाल रक्त दिसल्यास त्वरित परतावे.

वाट मोकळी झाल्यावरही तोंड उघडे ठेवण्याची सवय काही काळ टिकते. ती रागावून जात नाही. पौगंडावस्थेत अॅडेनॉइड आपोआप आक्रसते, पण तोपर्यंत वाट पाहण्याजोगे बालपण आणि दुसरी-तिसरीची वर्षे परत येत नाहीत. ज्याला ऐकू येत नव्हते, त्याला आळशी म्हटले गेले होते, एवढे तरी घरच्यांच्या लक्षात राहावे.