वजन, वस्तुमान आणि केंदूरची कांद्याची गोणी

१/
शिरूर तालुक्यातील केंदूरच्या शेतातून निघालेली कांद्याची गोणी काट्यावर ठेवली, की शेतकरी म्हणतो, ‘वजन पन्नास किलो.’ त्याच घरातील दहावीच्या मुलाने उत्तरपत्रिकेत तेच लिहिले, तर मात्र गुण जातात. पाठ्यपुस्तकाच्या मते पन्नास किलो हे वस्तुमान. वजन सुमारे ४९० न्यूटन. मग चुकले कोण? #थ्रेड

२/
‘वजन’ हा शब्द मूळचा अरबी. तो फारसीमार्फत मराठीत आला आणि बाजारात रुळला. शेर असो वा मण, माल किती आहे हेच त्याने सांगितले. ‘वस्तुमान’ हा संस्कृत घटकांतून घडवलेला पारिभाषिक शब्द. विज्ञानाने ‘किती माल’ हा अर्थ नव्या शब्दाकडे सोपवला आणि जुन्या शब्दाला ‘पृथ्वी किती जोराने ओढते’ हा नवा अर्थ दिला. खरी अडचण इथे आहे.

३/
हा गोंधळ केवळ मराठीचा नाही. १९०१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असल्याचे मुद्दाम जाहीर करावे लागले, कारण ‘वजन’ या अर्थाचा शब्द युरोपातही दुहेरी वापरला जात होता. भारताच्या १९५६ च्या कायद्याच्या नावात ‘वजने व मापे’ आली; आत मात्र किलोग्रॅम वस्तुमानाचेच एकक ठरला.

४/
आता तीच गोणी चंद्रावर नेली असे समजा. तागडीच्या एका पारड्यात गोणी, दुसऱ्यात पन्नास किलोची मापे ठेवली, तर काटा इथल्यासारखाच समतोल राहील, कारण ओढ दोन्ही बाजूंना सारखीच कमी होते. स्प्रिंगचा काटा मात्र जेमतेम आठ किलो दाखवील. तो ओढ मोजतो. म्हणजे तागडी धरणारा आडत्या पिढ्यान्‌पिढ्या वस्तुमानच मोजत आला. त्याचे नाव तेवढे ‘वजन’ होते.

५/
परिभाषेतही एकवाक्यता नाही. मराठी विश्वकोशाच्या अनेक नोंदींत ‘द्रव्यमान’ आणि ‘अणुभार’ भेटतात. शालेय पुस्तकांत त्याच जागी ‘वस्तुमान’ आणि ‘अणुवस्तुमान’. हिंदीत ‘भार’ म्हणजे वजन. मराठी विज्ञानात ‘विद्युतभार’ ही निराळीच राशी. एका पुस्तकातून दुसऱ्यात जाणारा विद्यार्थी इथे अडखळतो, आणि दोष मराठीच्या माथी येतो.

६/
म्हणून इंग्रजी शब्दांकडे पळणे हा उपाय नव्हे. तिथेही रोजच्या बोलण्यातला शब्द आणि विज्ञानातला शब्द यांत हीच दरी आहे. ‘वस्तुमान’ तर आपला अर्थ स्वतःच सांगतो: वस्तूचे मान.

७/
पाठ्यपुस्तकाने फक्त एक कबुली द्यावी: ‘बाजारात ज्याला वजन म्हणतात, त्याला आपण इथे वस्तुमान म्हणू.’ एवढे वाक्य धड्याच्या आरंभी आले, तर केंदूरच्या मुलाला आपला बाप अडाणी वाटणार नाही आणि न्यूटनही परका वाटणार नाही.